पहिल्याच पत्त्यावर रंग ठरवू नकोस

रविवारी टिळकवाडीत 'मॅजिक: द गॅदरिंग'च्या ड्राफ्टला बसशील, म्हणजे पाकिटातून एकेक पत्ता उचलून उरलेलं पाकीट शेजाऱ्याकडं सरकवत आपला गठ्ठा जमवशील, तेव्हा पहिला पत्ता भारी आला म्हणून त्याच रंगाला चिकटून राहू नकोस बघ. नवी पोरं हमखास इथंच फसतात.

समज, पहिला उचललास लाल 'लाइटनिंग स्ट्राइक'. पुढं लाल काही धड येईना, आणि सहाव्या उचलीला काळा 'मर्डर' दिसला. कुठलाही प्राणी मारणारा पत्ता उजवीकडच्या पाच जणांनी सोडला, म्हणजे तिकडं काळा फारसा कुणी खेळत नाही. तो घे. सातव्या-आठव्यालाही चांगले काळे आले तर अंदाज पक्का, कारण तिसऱ्या फेरीची पाकिटंही उजवीकडूनच येणार. दुसऱ्या फेरीची तेवढी उलटी फिरतात.

सुरुवातीला एवढंच कर:
- पहिले चार-पाच पत्ते रंग न बघता, ताकदीवर उचल.
- दुसऱ्या फेरीच्या मध्यापर्यंत दोन रंग ठरव. लाल स्ट्राइक बाहेर राहिला तर राहू दे की!
- चाळीस पत्त्यांत सतरा जमिनी, पंधरा-सोळा प्राणी. नुसती जादू गोळा केलीस तर मार खाशील.

तिसरा रंग घुसडायचं आत्ता डोक्यातच आणू नकोस, ते पुढं बघू.