सर्किट सोडवायची पद्धत: फ्लोचार्टमधली पहिली चौकट कोणती?

प्रश्न: लेक्चरचा सारांश काढला आणि त्यावरून फ्लोचार्ट केला. पहिली चौकट: नोड कमी की मेश कमी? जे कमी असेल ती पद्धत. दुसरी चौकट: सोर्स एकापेक्षा जास्त असतील तर सुपरपोझिशन. उत्तरं बरोबर येतात, पण गणितं उगाच लांबतात. फ्लोचार्टमध्ये काय चुकलंय?

उत्तर:

सारांशात नियम उरलाय, पण त्याची अट गळलीये. वर्गात बहुधा असं सांगितलं असणार की ज्या पद्धतीत *समीकरणं* कमी पडतील ती घ्या. सारांशात त्याचं "नोड कमी की मेश कमी" झालं. या दोन गोष्टी एक नाहीत, कारण सोर्स काही अज्ञातं आधीच सांगून टाकतात.

एक सर्किट काढ. खाली ग्राउंडची एक सलग तार. डावीकडे १२ व्होल्टचा सोर्स, त्याचं वरचं टोक A. उजवीकडे ६ व्होल्टचा सोर्स, त्याचं वरचं टोक C. मध्ये B. A ते B हा R1 २ किलोओहमचा, B ते ग्राउंड हा R2 ३ किलोओहमचा, आणि B ते C हा R3 ६ किलोओहमचा. विचारलंय B चं व्होल्टेज.

तुझ्या चौकटीप्रमाणे मोजू. ग्राउंड सोडून नोड तीन, मेश दोन. म्हणजे मेश पद्धत. दोन्ही मेश करंट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घेतले तर:

```
 5*i1 - 3*i2 = 12
-3*i1 + 9*i2 = -6
```

यातून i1 = २.५ आणि i2 = ०.१६७ मिलिअँपिअर. मग R2 मधून जाणारा करंट i1 − i2, म्हणजे २.३३३ मिलिअँपिअर. त्याला ३ किलोओहमने गुणलं की ७ व्होल्ट. बरोबर आहे, पण दोन समीकरणं सोडवावी लागली आणि वर एक पायरी वाढली.

आता नोडकडे बघ. A चं व्होल्टेज १२ आहे हे सोर्सच सांगतोय, C चं ६ आहे हेही. अज्ञात फक्त B:

```
(12 - V)/2 + (6 - V)/6 = V/3
```

म्हणजे ७ − V = ०, V = ७ व्होल्ट. एका ओळीत संपलं. तीन नोड असूनही समीकरण एकच, कारण दोन व्होल्टेज सोर्सनी दोन अज्ञातं खाल्ली. मेशच्या बाजूला हेच काम करंट सोर्स करतो: मेशच्या बाहेरच्या कडेवर तो असेल तर त्या मेशचा करंट लिहूनच ठेवलेला असतो. म्हणून मोजायचं असं:

```
नोडल = नोड - 1 - व्होल्टेज सोर्स
मेश  = मेश - करंट सोर्स
```

पहिल्या ओळीत नोड मोजताना ग्राउंडही धरायचा, म्हणून एक वजा केलाय.

व्होल्टेज सोर्स ग्राउंडला न टेकता दोन अज्ञात नोडांच्या मध्ये असेल तरी वजाबाकी हीच राहते. फक्त ते दोन नोड मिळून सुपरनोड करायचा आणि त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक वेगळा लिहायचा. दोन मेशच्या सामाईक फांदीवर करंट सोर्स आला तर तसाच सुपरमेश. इथे हमखास होणारी चूक म्हणजे व्होल्टेज सोर्समधला करंट, किंवा करंट सोर्सवरचं व्होल्टेज, शून्य धरून पुढे जाणं. उत्तर चुकीचं वाटत असेल तर आधी तिथे बघ.

पण ही मोजणीसुद्धा पहिली चौकट नव्हे. पहिली चौकट असावी: *नक्की काय विचारलंय?*

समज वरच्याच सर्किटमध्ये R2 हा लोड आहे आणि प्रश्न म्हणतो, R2 ला १, १.५ आणि ३ किलोओहम ठेवून B चं व्होल्टेज काढा. मोजणीने नोडल पद्धत निवडलीस तर तेच समीकरण तीनदा सोडवशील. त्यापेक्षा R2 काढून ठेव आणि बाकीच्याचा थेव्हेनिन काढ. B मोकळा असताना (१२ − V)/२ + (६ − V)/६ = ०, म्हणून थेव्हेनिन व्होल्टेज १०.५ व्होल्ट. दोन्ही सोर्स शॉर्ट केले की २ आणि ६ किलोओहम समांतर, म्हणजे १.५ किलोओहम. पुढे सगळं एका सूत्रात:

```
V = 10.5 * R2 / (R2 + 1.5)
```

१ किलोओहमला ४.२ व्होल्ट, १.५ ला ५.२५, ३ ला पुन्हा तेच ७. "लोडला जास्तीत जास्त पॉवर कधी" हा प्रश्नही इथेच सुटतो: R2 = १.५ किलोओहम असताना. तेव्हा विचारलेला घटक एकच असेल आणि तो बदलता असेल, किंवा कमाल पॉवर विचारली असेल, तर बाण थेट थेव्हेनिनकडे ने. तसं नसेल तरच मोजणीच्या चौकटीत उतर. थेव्हेनिन व्होल्टेज काढताना आत एखादी पद्धत लागतेच, तिथे मोजणी पुन्हा कामाला येते.

आता सुपरपोझिशन. "सोर्स अनेक म्हणजे सुपरपोझिशन" हा बाण मी काढून टाकीन. तुझं लांबण लागण्याचं मोठं कारण मला हाच वाटतो, कारण जितके सोर्स तितकी सर्किटं सोडवावी लागतात. आपल्या उदाहरणात एकट्या १२ व्होल्टने B वर ६ व्होल्ट येतात, एकट्या ६ व्होल्टने १. बेरीज ७, पण मेहनत दुप्पट. शिवाय पॉवर अशी बेरजेने काढली तर फसशील: R2 वर १२ मिलिवॉट अधिक ०.३३३, म्हणजे १२.३३ येतात, आणि खरी पॉवर ७²/३, म्हणजे १६.३३ मिलिवॉट. मधले ४ मिलिवॉट वर्ग करताना येणाऱ्या गुणाकाराच्या पदात राहिले. व्होल्टेज आणि करंट आधी बेरजेने पूर्ण कर, पॉवर त्यानंतर. सुपरपोझिशनचा बाण दोनच ठिकाणी ठेव: अमुक सोर्सचा वाटा किती असं विचारलं असेल तेव्हा, आणि सोर्सच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या असतील तेव्हा. एक डीसी आणि एक एसी असेल तर दोन्हींसाठी एकच फेझर गणित मांडताच येत नाही, तिथे तो खरंच लागतो.

अवलंबी सोर्ससाठी वेगळी चौकट नको, थेव्हेनिनच्या चौकटीवर एक खूण पुरे. स्वतंत्र सोर्स बंद करताना अवलंबी सोर्स बंद करायचा नाही. त्यामुळे रोध नुसत्या समांतर-एकसरीने निघत नाही. टोकांना १ अँपिअरचा चाचणी सोर्स जोडून तिथे येणारं व्होल्टेज काढ, त्याचा आकडा हाच रोध. तो ऋण आला तर लगेच चूक शोधायला जाऊ नकोस, अवलंबी सोर्स असताना ते होऊ शकतं. चिन्हं मात्र एकदा तपास.

शेवटच्या चौकटीत पॉवरचा ताळा लिही. आपल्या सर्किटमध्ये १२ व्होल्टचा सोर्स ३० मिलिवॉट देतो. रोधांत १२.५, १६.३३ आणि ०.१७ जातात, म्हणजे २९. उरलेला १ मिलिवॉट ६ व्होल्टचा सोर्स *घेतो*, कारण B ७ व्होल्टवर आहे आणि करंट त्याच्यात शिरतोय. सोर्स नेहमी पॉवर देणारच असं धरून चालणाऱ्यांचा ताळा नेमका इथे २ मिलिवॉटने चुकतो.