फोटोतल्या गणितात ∫ की f, 1 की 7?

प्रश्न: मित्राने सोडवलेल्या इंटिग्रेशनचा फोटो आहे. त्याचं ∫, f आणि आकडे सगळे सारखेच दिसतात. कसं वाचू?

उत्तर: आधी dx शोधा. इंटिग्रलमधल्या प्रत्येक dx च्या डावीकडे त्याचं ∫ असतंच; dy/dx मधल्या dx ला मात्र ते नसतं. f च्या पुढे बहुधा (x) असा कंस येतो. मग आकडे खालच्या ओळीवरून ठरवा. समजा, ∫ च्या खाली 0, वर 1 किंवा 7, पुढे 5 किंवा S, मग x⁴ dx असं दिसतंय. पुढच्या ओळीत [x⁵] असेल, तर त्याचं डेरिव्हेटिव्ह 5x⁴, म्हणजे तो 5 च. शेवटी उत्तर 1 आलंय, म्हणून वरची मर्यादा 1. 7 असती तर 16807 आलं असतं. मात्र मित्राचंच गणित चुकलं असेल तर ही युक्ती फसते. दोन ओळी जुळेनात, तर सरळ त्यालाच विचारा.