बा म्हणाल्या, ‘हात दाडानी गोळी आलो’

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मेडिकलच्या काउंटरवर त्या बांना तू तीनदा ‘काय? काय म्हणालात?’ विचारलंस, चौथ्यांदा लाज वाटून नुसती मान हलवलीस, आणि त्या चिठ्ठी उचलून पलीकडच्या दुकानात गेल्या. ‘काका, मला गुजराती येतं हो, पण हे गुजराती नव्हतंच,’ असं तू लिहिलंयस. होतं बरं का. त्यांचं वाक्य तू कानावर पडलं तसं लिहून पाठवलंस, हे फार चांगलं केलंस. नाहीतर मी नुसता उपदेश करत बसलो असतो.

‘हात दाडानी गोळी आलो.’ तुझ्या सांगलीच्या कानाला यात हात ऐकू आला, दाढ ऐकू आली आणि ‘मी आलो’ ऐकू आलं. म्हणून हाताच्या दुखण्याची गोळी हवी की दाढेची, असा तुझा गोंधळ झाला. त्या म्हणत होत्या, सात दिवसांच्या गोळ्या द्या. दाडो म्हणजे दिवस आणि आलो म्हणजे द्या. वडोदऱ्याच्या आसपासच्या गावांत हे शब्द सर्रास चालतात, क्लासच्या पुस्तकात मात्र नसतात. हात म्हणजे सात. गावाकडच्या बोलीत, सुरतेकडे आणि काठियावाडातही ‘स’चा ‘ह’ होतो. सारुं म्हणजे चांगलं, ते ‘हारुं’ होतं. सो म्हणजे शंभर, त्याचं ‘हो’ होतं. मी नवा असताना एक भाई ‘हो रुपिया?’ विचारत होते आणि मी आनंदाने ‘हो, हो’ म्हणत होतो. औषध एकशेचाळीसचं होतं.

यात त्यांचा उच्चार बिघडलेला आहे असं मनात आणू नकोस. हिंदीत दस, गुजरातीत दस आणि आपल्याकडे दहा. हा ‘ह’ आपण कुठून आणला? त्यांनी सातचा हात केला, आपण कधीच दसचा दहा करून बसलोय. एवढं मनात असलं की विचारताना कपाळावर आठी येत नाही. समोरच्याला शब्दाआधी ती आठी दिसते.

तुझं चुकलं ते ‘काय?’ या शब्दात. तू विचारलंस ते बरोबरच केलंस. न समजणं आणि विचारणं तर सगळे दिवसभर करत असतात. 2015 साली 12 भाषांमधल्या रोजच्या गप्पांच्या चित्रफिती तपासून एक अभ्यास झाला. त्यात माणसं सरासरी दर 1.4 मिनिटाला एकदा समोरच्याला थांबवून काहीतरी नीट विचारून घेतात असं दिसलं, तेही आपापल्या भाषेत, आपल्याच माणसांशी बोलताना. दुसरी गोष्ट तुझ्या जास्त कामाची आहे. जितकं नेमकं विचारता येईल तितकं नेमकं माणसं विचारतात. अगदीच काही हाती लागलं नाही तरच ‘आं?’ म्हणतात.

त्याचं कारण काउंटरवर उभं राहिलं की कळतं. ‘काय?’ म्हटलं की आपलं नेमकं काय कळलं नाही, हे समोरच्याला उमगत नाही. आवाज पोचला नाही असं समजून बा तेच वाक्य मोठ्याने म्हणतात. ‘हात’ मोठ्याने म्हटला तरी तुला हातच ऐकू येणार. तिसऱ्यांदा त्या एकेक अक्षर तोडून ओरडतात, मग तर जो काही ओळखीचा सूर होता तोही जातो. एव्हाना मागची रांग बघायला लागलेली असते. बांना वाटतं ही मुलगी आपल्याला अडाणी समजते, तुला वाटतं आपण मूर्ख ठरलो.

तेव्हा जे कळलं ते आधी म्हण आणि जे राहिलं तेवढंच माग. तुला ‘गोळी’ तर कळली होती ना? चिठ्ठीही हातात होती. मग असं म्हणायचं: ‘गोळी समजाई, बा. केटला दिवसनी आपुं?’ गोळी कळली, किती दिवसांची देऊ? या एका वाक्याने बांना कळतं की त्यांचं बोलणं पोचतंय, फक्त आकडा अडलाय. त्या पूर्ण वाक्य पुन्हा म्हणणार नाहीत, फक्त ‘हात’ म्हणतील. बहुतेक जणी बोटंही दाखवतात, कारण आता त्यांना काय दाखवायचं ते माहीत असतं.

समज, बोटं दाखवली नाहीत आणि नुसतं ‘हात’ म्हणाल्या. इथे खरा खड्डा आहे. तुझा कान जरा सरावला की हात म्हणजे आकडा आहे हे कळेल, पण मग तो ‘आठ’सारखा ऐकू येईल. सात आणि आठ हे दोन शेजारी या बोलीत एकमेकांच्या इतके जवळ येतात की गर्दीच्या वेळी मीसुद्धा कानावर विसंबत नसे. ‘आठ?’ असं विचारलंस तर बा ‘हा’ म्हणतील. आठच हवेत म्हणून नव्हे. त्यांनाही तुझा ‘आठ’ ‘हात’सारखाच ऐकू येईल, किंवा आता पुरे झालं म्हणून मान हलवतील. तू जशी मान हलवलीस ना, तशीच. दोन्हीकडून ‘हा, हा’ झालं की व्यवहार सुरळीत झाल्यासारखा वाटतो आणि चूक तशीच घरी जाते.

म्हणून आकडा त्याच शब्दात उलट विचारू नये, त्याला दुसऱ्या रूपात फिरवावा. ‘एक अठवाडियानी?’ असं विचारावंसं वाटेल, पण त्या शब्दाच्या पोटातच आठ आहे, आपल्या आठवड्यासारखा, त्यामुळे तो इथे नको. त्यापेक्षा चिठ्ठीवर बघ. सकाळी एक, रात्री एक असेल तर सात दिवसांच्या चौदा होतात. ‘सवारे एक, राते एक, एटले चौद गोळी, बराबर?’ चौद आणि सोळ कानाला एकमेकांच्या जवळपासही येत नाहीत. स्ट्रिप दहाची असेल तर एक अख्खी आणि चार सुट्या त्यांच्यासमोर ठेव. आठ दिवसांच्या हव्या असतील तर त्या स्वतःच म्हणतील, ‘बे ओछी छे’, दोन कमी आहेत. चिठ्ठीवर महिन्याचं लिहिलेलं असताना माणूस सात दिवसांचंच मागतो तेव्हा बहुधा खिशात तेवढेच पैसे असतात. तो हिशेब त्याला रांगेसमोर पुन्हा पुन्हा मोठ्याने सांगायला लावू नये, हेही आहेच.

दोनदा विचारून झालं की तिसऱ्यांदा तोंडाने विचारायचं नाही, हा माझा नियम. मग कागद पुढे कर, आधीचं रिकामं पाकीट आहे का ते विचार, बोटं दाखव. यात आकडे हमखास सुटतात. जिथे सुटत नाही ते म्हणजे गोळी कशी घ्यायची हे सांगणं. अर्धी की अख्खी, जेवणाआधी की नंतर, यावर ‘समजायुं ने?’ विचारून ‘हा’ मिळाला तर तो मोजू नकोस. ‘बा, घरे जईने केवी रीते लेशो?’ असं त्यांनाच सांगायला लाव. त्यांचं उत्तर तुला कळलं नाही तर आतून जाणत्या माणसाला बोलाव. औषधाच्या बाबतीत अंदाज बांधण्यापेक्षा थोडं ओशाळलेलं परवडतं.

विचारताना दोष कुणाच्या पदरात टाकायचा, यावर माझं मत जरा कडक आहे. ‘पंख्याचा आवाज आहे’, ‘रस्त्यावर हॉर्न वाजतायत’ असली सबब सांगू नये. ती पहिल्यांदा खपते. दुसऱ्यांदा पंखा बंद असतो. ‘तमारी बोली समजाती नथी’ हे तर कधीच नाही. खरं आहे तेच सांग: ‘हुं नवी छुं, मारो कान हजी टेवायो नथी.’ मी नवी आहे, माझा कान अजून सरावला नाही. मी हे वाक्य पहिली दोन वर्षं वापरलं. निम्मी माणसं हसून दोन शब्द शिकवून जात. आणि काम अडलेलं असताना ‘तुम्ही कुठले?’ विचारू नकोस. तुला ती आपुलकी वाटते, त्यांना वाटतं आपली बोली पकडली गेली. गोळ्या पिशवीत पडल्यावर खुशाल विचार.

विचारायचं तेही लगेच. तू बहुधा पुढच्या वाक्यात उलगडेल म्हणून वाट बघत असशील. उलगडतं कधीकधी. पण पाच वाक्यं मान डोलावून सहाव्याला ‘तुम्ही सुरुवातीला काय म्हणालात?’ विचारलं की आधीची पाचही डोलावणी खोटी होती हे उघड होतं. राग त्याचा येतो.

फोनवर मात्र मी स्वतः आपटलेलो आहे. घरपोच औषधासाठी एका आजोबांनी नंबर सांगितला, जोड्या जोड्यांनी, जुन्या माणसांच्या सवयीने. सत्ताणुं म्हणजे 97. ते म्हणाले ‘हत्ताणुं’, मी लिहिलं अठ्ठाणुं, 98. संध्याकाळभर मी भलत्याच माणसाला इन्सुलिन पाठवू का म्हणून विचारत होतो, आणि आजोबा वाट बघत बसले. फोनवर ओठ दिसत नाहीत, बोटं दिसत नाहीत. तेव्हापासून नंबर आला की ‘काका, एक-एक आंकडो बोलशो?’ आणि लिहून झाला की मीच एकेक आकडा वाचून दाखवायचो. सात आला की ‘छ पछीनो’ म्हणायचो, सहाच्या नंतरचा. समोरून हसू यायचं, पण नंबर बरोबर यायचा.

‘स’चा ‘ह’ सगळीकडे होईल असं धरून चालू नकोस. तीच बा डॉक्टरांसमोर नीट ‘सात’ म्हणेल आणि तुझ्याशी मोकळी झाली की ‘हात’. म्हणजे हात ऐकू आला तर ती अवघडलेली नाही, एवढं तरी कळतं. त्या बा पुन्हा येतील, मेडिकल काही कुणी एका भांडणावरून बदलत नाही. आल्या की तूच आधी ‘आवो बा’ म्हण आणि चिठ्ठी हातात घे.

रविवारी दांडिया बाजारात ये, शेव-उसळ खाऊ. ऑर्डर तू द्यायची. तो गाडीवाला तोंडात मसाला ठेवून बोलतो, त्याचं मला तीस वर्षांत निम्मंच कळलंय. तिखट किती हवं ते तो विचारेल, तेव्हा वाटीकडे बोट दाखव. आणि शेवटी ‘हो’ म्हणाला तर शंभराची नोट काढ.

तुझा,
काका