पॉडकास्टमधले 'अं', 'म्हणजे' आणि लांब पॉज रिपल एडिटने काढले की खालचं म्युझिक सरकतं नाहीतर तुटतं. सिंकमध्ये कसं ठेवायचं?

बोलणं पूर्ण कापून झाल्याशिवाय म्युझिक टाइमलाइनवर आणूच नका. माझ्या मावसभावाला, म्हणजे दादाला, हे मी दोन वर्षं सांगतोय आणि तो दोन वर्षं म्हणतोय की आधी म्युझिक टाकल्याशिवाय मूड कळत नाही, म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर राहवलं नाही.

आमचा पॉडकास्ट दोघांचा आहे, दादा बोलतो आणि मी एडिट करतो, रीपरमध्ये. एका एपिसोडला एक निवृत्त एसटी ड्रायव्हर काका आले होते, घाटातल्या रात्रपाळीच्या गोष्टी सांगायला. दोन माइक, दोन ट्रॅक, एकच खोली. काका फार छान बोलतात पण मध्येच "ते आपलं... काय म्हणतात त्याला..." करत तीन-चार सेकंद थांबतात, आणि दादाची प्रत्येक प्रश्नाआधी "अं, म्हणजे, तर" अशी सुरुवात. मी गावाला होतो तर दादाने स्वतःच बसून सहा ठिकाणी म्युझिक टाकलं आणि मग रिपल ऑल ट्रॅक्स लावून टाइम सिलेक्शन करून 'अं' उडवायला लागला. रिपल ऑलमध्ये सिलेक्शनखालचं सगळंच कापलं जातं, म्युझिकसुद्धा, त्यामुळे खालचा ठेका प्रत्येक 'अं'ला उचकी लागल्यासारखा अडखळायला लागला. ते ऐकून त्याने रिपल पर ट्रॅक केलं. म्युझिक वाचलं, पण आता कापलं की फक्त त्याचाच ट्रॅक पुढून मागे यायचा आणि काका जागेवर! चाळिसाव्या मिनिटाला काका हसतायत तेव्हा दादाचा पुढचा प्रश्न सुरू झालेला, आणि काकांच्या माइकमध्ये दादाचा जो बारीक आवाज शिरला होता तो काही सेकंदांनी पुन्हा ऐकू येतोय.

दादाचं म्हणणं, रेकॉर्डरचं घड्याळ सरकलं. अजूनही सगळ्यांना तेच सांगतो. मी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आणि शेवटी जोरात एक टाळी वाजवतो, ती दोन्ही माइकमध्ये जाते. सुरुवातीची टाळी दोन्ही ट्रॅकवर एका रेषेत होती आणि शेवटच्या टाळीत ११.४ सेकंदांचा फरक. घड्याळाचा फरक तासाभरात एवढा पडत नाही, आणि जो पडतो तो हळूहळू वाढत जातो. इथे प्रत्येक कटला पायरीसारखी उडी होती. पर ट्रॅक केल्यापासून दादाच्या ट्रॅकवरून जेवढं कापलं गेलं त्याची बेरीज केली, तीही ११.४.

म्हणून शेवटची टाळी एक्स्पोर्ट करेपर्यंत काढू नका. एडिटिंगच्या मध्ये अधूनमधून टाइमलाइनच्या टोकाला जाऊन बघा. दोन्ही टाळ्या एका रेषेत असल्या तर शेवटाला दोन्ही आवाज जुळलेले आहेत, नसल्या तर कुठल्यातरी कटला फक्त एकच ट्रॅक हलला.

रिपल ऑलमध्ये आणखी एक खड्डा आहे. सिलेक्शन न करता नुसता एक तुकडा निवडून डिलीट केला तर कटच्या नंतर सुरू होणारेच तुकडे मागे येतात. दुसऱ्या माणसाचा ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच अखंड तुकडा असेल तर तो कटच्या आधी सुरू झालेला असतो, मग तो हलतच नाही. त्यामुळे नेहमी टाइम सिलेक्शन करून सगळ्या आवाजांतून एकदमच काढा.

आता समजा म्युझिक आधीच पडलंय आणि त्याची जागाही ठरलीय. तरी सांगतो, म्युझिक बाहेर काढा, बोलणं कापा आणि मग ते शेवटाकडून मागे मोजत परत बसवा. त्याच एपिसोडचं उदाहरण देतो. काकांच्या ओळखीखाली केहरव्याचा ठेका होता, टेम्पो ९६. एक मात्रा ०.६२५ सेकंद, आठ मात्रांचं आवर्तन बरोबर ५ सेकंदांचं. ओळख ४० सेकंदांची, म्हणजे आठ आवर्तनं, आणि ओळख संपली की समेवर म्युझिक मोठं होतं. 'अं' आणि पॉज काढून ओळख ३३.६ सेकंदांवर आली. म्युझिकमधून मी एक अख्खं आवर्तन काढलं, समेपासून समेपर्यंत, समेच्या ठोक्याच्या किंचित आधी कट आणि १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड. उरली ३५ सेकंदं. मग मोठं होण्याची ती सम ओळखीच्या शेवटच्या शब्दाला चिकटवली आणि जास्तीचे १.४ सेकंद पुढच्या टोकाला गेले, म्हणजे म्युझिक ओळखीच्या १.४ सेकंद आधी, मागच्या वाक्याखाली हळूच फेड इन होतं. सुरुवात मागेपुढे झालेली कोणाच्या लक्षात येत नाही, सम चुकली की लगेच खटकतं. बाजारातल्या लूपचा टेम्पो स्थिर असतो म्हणून हे गणित चालतं, कोणी हाताने वाजवून रेकॉर्ड केलं असेल तर ग्रिडवर विसंबू नका, सम कानाने शोधा. आणि वर बासरी किंवा गाणं असेल तर नुसतं आवर्तन कापून भागत नाही, सूर मध्येच तुटतो, तीच ओळ दुसऱ्यांदा येते तिथेच जोडता येतं.

'अं' कुठे कापायचा हेही सांगतो, कारण दादा प्रत्येक 'म्हणजे' उडवतो आणि माझं त्याच्याशी मुख्य भांडण तेच आहे. "तो म्हणजे माझा गुरूच" यातला 'म्हणजे' काढला तर वाक्य लंगडं होतं. कट पुढच्या शब्दाच्या क, त, प असल्या अक्षराच्या अगदी आधी घ्या, तिथे तोंड क्षणभर बंद असतं, म्हणून जोड लपतो. "अंमग" असं एका श्वासात चिकटलेलं असेल तर राहू द्या, कापलं तर 'मग'चा 'म' अर्धा जातो. श्वासाचंही बघा, 'अं'च्या आधीचा आणि नंतरचा असे दोन श्वास एकामागोमाग राहिले तर माणूस धापा टाकतोय असं वाटतं, त्यातला एक 'अं'बरोबरच न्या. पॉज शून्यावर आणू नका. काकांचा चार सेकंदांचा पॉज मी पाऊण सेकंदावर आणतो, आणि दरड कोसळल्याची गोष्ट सांगताना ते थांबले तो पॉज पूर्ण ठेवला. दादाला तो अजूनही 'डेड एअर' वाटतो. मला तो त्या एपिसोडमधला सगळ्यात चांगला भाग वाटतो.

हे सगळं रीपरचं झालं. ऑडॅसिटीत असाल तर Sync-Lock Tracks चालू करा, आणि म्युझिक ठेवायचंच असेल तर आवाजांच्या ट्रॅकखाली एक लेबल ट्रॅक टाकून त्याच्या खाली ठेवा, मग वरचे आवाज एका गटात हलतात आणि म्युझिक वेगळं राहतं. पॉजसाठी Truncate Silence वापरणार असाल तर आवाजांचे सगळे ट्रॅक एकत्र निवडा आणि त्यातली Truncate tracks independently ही खूण काढलेली आहे ना ते आधी बघा. Sync-Lock बंद असताना ती चालू राहिली तर प्रत्येक ट्रॅक आपापली शांतता कापतो आणि पाच मिनिटांत दोन माणसं वेगवेगळ्या गप्पा मारायला लागतात.