निवडणूक निकालांवर फसव्या आलेखाचा प्रश्न कसा काढावा?

प्रश्न: निकालांच्या आकड्यांवर प्रश्न काढायचेत. त्यात मुद्दाम एक फसवा आलेख देऊन मुलांकडून त्याची चिकित्सा करून घ्यायची आहे. कसं करू?

उत्तर: आकड्यांना हात लावू नका, फक्त चित्र फसवं ठेवा. आकडेच चुकीचे दिले तर मुलं तक्त्याशी ताडून चूक पकडतात आणि आलेख वाचायचा राहूनच जातो.

समजा दोनच उमेदवार आहेत, अ ला ५२.४ टक्के मतं आणि ब ला ४७.६. स्तंभालेखाचा उभा अक्ष ४६ पासून सुरू करा. आता अ चा स्तंभ ६.४ एककं उंच दिसतो, ब चा १.६, म्हणजे बरोबर चौपट. खरं गुणोत्तर जेमतेम १.१ आहे.

पहिला प्रश्न साधा ठेवा: नुसतं चित्र पाहून अ ला ब च्या किती पट मतं मिळाली असं वाटतं? मग पट्टीने स्तंभ मोजायला लावा, तक्त्यातल्या आकड्यांशी तुलना करू द्या आणि शेवटी शून्यापासून आलेख पुन्हा काढून घ्या. गुण देताना ‘अक्ष शून्यापासून नाही’ एवढ्याला एकच गुण द्या. चौपट विरुद्ध १.१ हा परिणाम आकड्यांत मांडला तरच उरलेले दोन.

नाहीतर मुलं तेवढं एक वाक्य पाठ करून सगळीकडे लिहितात, हे मी तपासताना फार पाहिलंय. म्हणून शेजारी मतदानाच्या टक्केवारीचा वर्षवार रेषालेखही द्या, अक्ष ५० पासून. तिथे चढउतार पाहायचे असतात, उंचीची तुलना नसते, त्यामुळे तो अक्ष चालतो. दोन्हींतला फरक त्यांनाच सांगू द्या.