औदुंबराच्या पायाशी अडलेला आमचा वाद

प्रश्न : शाळेत पाठ केलेली एखादी कविता म्हातारपणी जुन्या मित्राबरोबर परत वाचली आणि अर्थावरून वाद झाला असं कोणाचं झालंय का? नेमकं कशावरून बिनसलं?

हो, माझं झालंय, आणि वाद अजून मिटलेला नाही. कविता बालकवींची औदुंबर. आठच ओळी आहेत आणि आमचं भांडण शेवटच्या दोन ओळींवर आहे, खरं तर एका पूर्णविरामावर आहे.

आम्ही दोघे गोव्यात सांग्याला हायस्कूलमध्ये एका बाकावर बसायचो, 1970 च्या आसपासची गोष्ट. तो कुर्डीचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कुर्डी म्हणजे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं गाव, लोकांना वाडे आणि वालकिणी या गावांत जागा दिल्या आणि तिथे वसवलं, आणि आता दरवर्षी उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की घरांची जोती, विहिरी, सोमेश्वराचं देऊळ असं सगळं वर येतं आणि जुने कुर्डीकर उत्सवाला तिथे जमतात. माझ्या मित्राचं घर त्यातलंच एक. गाव सोडताना जे सामान निघालं त्यात त्याची शाळेची वही होती आणि ती त्याने आजवर ठेवली आहे.

गेल्या पावसाळ्यात तो माझ्याकडे आला तेव्हा वही पिशवीतून घेऊन आला. बल्कांवात बसलो, चहा झाला, आणि त्याने ते पान उघडलं. शाई फिकट झालीय पण अक्षर वाचता येतं. सरांनी कविता लिहून घातली होती, तेव्हा पुस्तक सगळ्यांकडे नसायचं. माझ्याकडे घरात कवितांचं छापील पुस्तक आहे, मी ते काढलं, आणि एकाने वहीतून वाचायची, दुसऱ्याने पुस्तकावर बोट ठेवायचं असं सुरू झालं. सहा ओळी बिनबोभाट गेल्या. सातव्या ओळीला तो थांबला.

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर

त्याच्या वहीत "लाटांवर" च्या पुढे ठळक पूर्णविराम आहे. माझ्या पुस्तकात ओळीच्या शेवटी कसलंच चिन्ह नाही.

मी म्हटलं बरोबर आहे, सरांनी तसंच शिकवलं होतं. पाण्यावर काळोखी येते, ती लाटांवर पसरते, वाक्य संपलं. मग त्या काळोखीत एकटा औदुंबर पाय टाकून बसलेला दिसतो. कविता उदास आहे, वर्गातही आम्हाला हेच सांगितलं होतं आणि मला पन्नास वर्षं तेच वाटत आलंय. रंग बघा ना, सुरुवातीला हिरवाळी, मग निळासावळा झरा, मग पांढरी पायवाट, ती जाते काळ्या डोहाकडे आणि शेवटी काळिमा. पायवाट परत येत नाही, तिथेच संपते.

तो म्हणाला पूर्णविराम सरांचा आहे, कवीचा नाही. तो काढून वाच. मग "पसरी" चा कर्ता काळिमा राहत नाही, औदुंबर होतो. पाणी झाकळून टाकून, लाटांवर गोड काळिमा पसरत, पाय पाण्यात सोडून बसलेला असा हा औदुंबर, दोन ओळी मिळून एकच वाक्य. काळिमा आकाशातून उतरलेला नाही, तो झाडाने स्वतः घातलाय. म्हणजे ती सावली आहे. आणि सावली असेल तर "गोड" हा शब्द जागच्या जागी बसतो, नाहीतर तुझ्या उदास कवितेत तो काय करतो ते सांग.

आता हे व्याकरण त्याचं चुकीचं नाही हे मला तेव्हाच कळलं होतं, "पसरणे" दोन्हीकडे चालतं, पाणी पसरतं आणि चटईही पसरतो. "झाकळणे" पण तसंच, आभाळ झाकळतं म्हणतो, पण इथे झाडाने जळ झाकळलं असंही घेता येतं. वाक्य दोन्ही बाजूंनी उभं राहतं. म्हणून मी दुसरीकडून गेलो. म्हटलं कवी कोण होता ते बघ, त्र्यंबक बापूजी ठोंबरे, अठ्ठाविसावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत 1918 साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेला, ज्याच्या नशिबात असं होतं त्याच्या काळ्या डोहाला तू सावली म्हणतोस?

तो म्हणाला कविता लिहिताना त्याला भादली स्टेशन माहीत होतं का? मरण तू नंतर आणून कवितेत टाकलंस.

इथे मी एक चूक केली आणि ती मला अजून लागते. मी म्हणालो तुला ती सावली वाटते कारण तुला तसं वाटायला हवंय, चार घरांचं चिमुकलं गाव आणि पाणी यांच्याकडे तू वेगळं बघूच शकत नाहीस, तुझं गाव पाण्यात गेलंय. तो एकदम गप्प झाला. आम्ही एरवी कोंकणीत बोलतो, कवितेवर बोलताना मात्र दोघेही आपोआप मराठीत येतो, शाळेत तशीच सवय लागली. तेव्हा तो परत कोंकणीत आला आणि म्हणाला, "कुर्डी मदीं हाडूं नाका. हांव व्याकरण उलयतां." म्हणजे कुर्डीला यात आणू नको, मी व्याकरणाचं बोलतोय. तो रागावला नव्हता, पण त्याला ते लागलं होतं. आणि खरंच आहे, कवीचं मरण कवितेत घालणं आणि त्याचं गाव त्याच्या वाचनात घालणं, मी दोन्ही वेळा एकच केलं होतं. शब्द सोडून माणसाकडे बोट दाखवलं. मी माफी मागितली, तो म्हणाला पुढे वाच.

पुढे आलं "असला". मी म्हणालो ही भर आहे, मात्रा भरायला घातलेली, बसला असला असा नादही जमतो. खरंच तसं आहे, पहिल्या तुकड्यात सोळा मात्रा होतात, पाय टाकुनी आठ, जळात बसला आठ, आणि मग असला औदुंबर. त्याने वहीच्या मागच्या पानावर मात्रा मांडल्या आणि विचारलं, असला म्हणजे चार मात्रा ना? हिरवा म्हणजे किती? चार. काळा चार. मोठा चार. मात्राच भरायच्या होत्या तर यातला कुठलाही चालला असता. कवीने झऱ्याला रंग दिला, पायवाटेला दिला, डोहाला दिला, हिरवा तर तीन वेळा वापरला, आणि ज्याच्या नावाने कविता आहे त्याला एकही रंग दिला नाही, फक्त असला म्हणाला.

हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी पुस्तकावरून बोट फिरवत परत सगळ्या ओळी बघितल्या, खरंच आहे. आणि अजून एक दिसलं ते मला दिसलं, झरा वाहतो, पायवाट चालते, काळिमा पसरतो, सगळं हलतंय, बसलेला फक्त तो एक. माणूस तर कवितेत कुठेच नाही, घरं आहेत, शेतं आहेत, वाट आहे, पण माणसासारखं काही करणारं कोण, तर ते झाड, तेच पाय सोडून बसतं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याला आनंद झाला, म्हणाला झालं, म्हणजे आराम करतोय. मी म्हणालो नाही, म्हणजे एकटा आहे. परत तिथेच.

"असला" चा त्याचा अर्थ असा की हाताने दाखवून म्हणतात तसा शब्द आहे तो, आमच्याकडे कोंकणीत "असलो" म्हणताना हात आपोआप पुढे होतो, म्हणजे वर्णन संपलं, आता तूच बघ. इथपर्यंत मी त्याचं ऐकतो. पण दाखवलेलं काय आहे यावर आमचं जमत नाही.

औदुंबराला आमच्याकडे रुमड म्हणतात. आमच्या भागात वहाळाच्या कडेने भरपूर आहेत, काही ठिकाणी मुळं उघडी पडून सरळ पाण्यात उतरलेली असतात, दरड खचली की तसं होतं. तो म्हणाला एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी अशा रुमडाखाली पाण्यात उभा राहा, वर बघ, मग कोंडीचं पाणी बघ (डोहाला आम्ही कोंड म्हणतो), काळं दिसतं ते पाणी, आणि त्यात पाय टाकल्यावर काळं असूनही कसं वाटतं ते मला येऊन सांग. मी अनेकदा उभा राहिलोय. थंड वाटतं. गोड म्हणायला हरकत नाही. हे मला मान्य करावं लागलं.

तो गेल्यावर रात्री मला माझा मुद्दा सापडला. डोह काळा आहे हे कवी सहाव्या ओळीतच सांगतो, तोपर्यंत औदुंबर कवितेत आलेलाच नाही. काळेपणा जर झाडाच्या सावलीचा असेल तर झाडाच्या आधी डोह काळा कसा? दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. तो चार दिवसांनी उत्तर घेऊन आला. म्हणाला कविता पायवाटेने चालते हे बघ, आधी लांबची टेकडी, घरं, मग शेतं, मग कुरणं, मग डोह. लांबून डोह नुसता काळा दिसतो. जवळ गेल्यावर कळतं काळा का आहे, झाड आहे म्हणून. म्हणून सहाव्या ओळीत काळा आणि सातव्या ओळीत गोड काळिमा. शब्द बदलला कारण बघणारा जवळ आला.

हे उत्तर चांगलं आहे आणि मी त्याला तसं सांगितलं. मला विचाराल तर आता माझी बाजू अर्धी राहिली आहे, उदास हा शब्द मी पूर्वीसारखा ठामपणे वापरत नाही. पण एक गोष्ट त्याने अजून सोडवलेली नाही. झरा बेटाबेटातून निळासावळा वाहतो, त्याचा डोह झाला की पाणी संथ होतं, कोंडीत लाटा नसतात हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत, तो नदीकाठी वाढला. मग कवी "लाटांवर" का म्हणतो? नुसती सावली पडायला पाणी संथ असलं तरी चालतं. कोणीतरी पाण्यात उतरलं असेल तरच लाटा येतात, आणि मग मला परत ती एकाच बाजूने गेलेली पायवाट आठवते.

हे मी त्याला परवा फोनवर विचारलं. तो म्हणाला, पाय त्या झाडाने टाकलेत ना, त्याच्याच लाटा. मग जरा थांबला आणि म्हणाला थांब हां, वही काढतो, आणि फोन तसाच ठेवून आत गेला.