एका ओळीत दहा नमस्कार : 'कृतानेक' या शब्दाविषयी

«आमचे एक वयस्कर काका सकाळी 'नमस्कार' हा एकच निरोप ओळीने आठ-दहा वेळा पाठवतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायला हवं का? सगळ्यांना मिळून एक उत्तर द्यायला मराठीत काही शब्द आहे का?»

शब्द आहे, आणि तो आपल्या जुन्या पत्रांतच आहे: कृतानेक. वडीलधाऱ्यांना लिहिलेल्या पत्राच्या सुरुवातीला 'कृ. सा. न. वि. वि.' असं असायचं, म्हणजे 'कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष'. यातलं 'कृतानेक' अनेकांना नुसतं शोभेचं वाटतं, पण त्याची फोड कृत + अनेक अशी आहे. केलेले अनेक. पत्र लिहिणारा नमस्कार एकदाच लिहितो आणि ते पुष्कळ वेळा केले आहेत हे एका शब्दात सांगतो. मला ही सोय फार सुंदर वाटते.

म्हणून काकांना एकच उत्तर पुरे: 'काका, कृतानेक नमस्कार. तुमचे सगळे नमस्कार पोहोचले.' दुसरं वाक्य गाळू नका. बऱ्याचदा निरोप गेला की नाही हे न कळल्यामुळे माणूस पुन्हा पुन्हा बटण दाबतो. दहाही निरोपांवर एकाच मिनिटाची वेळ दिसत असेल तर बहुधा हेच झालेलं असतं, आणि 'पोहोचले' या शब्दाने त्यांची शंका फिटते. वेळा लांब लांब असतील, तर ते मुद्दाम आठवण काढत आहेत असं समजा. तेव्हा उत्तरात त्यांच्या तब्येतीची चौकशी जोडा.

उत्तरात 'सगळे नमस्कार' लिहिताना अडखळायचं कारण नाही. नमस्कार हा अकारान्त पुल्लिंगी शब्द, त्याचं अनेकवचन तसंच राहतं: एक नमस्कार, दहा नमस्कार. संख्या विशेषणावरून आणि क्रियापदावरून कळते, 'पोहोचला' की 'पोहोचले'.

मात्र 'पुन्हा नमस्कार' टाळा. त्यातून तुम्हीच दुसऱ्यांदा बोलायला आलात असा अर्थ निघतो. काका रामराम पाठवत असतील, तर आणखी जपायला हवं. 'राम राम' ही जोडी मिळून एक अभिवादन होतं. तिच्यात तिसरा राम घालून 'राम राम राम!' लिहिलंत, तर ते हळहळ किंवा किळस व्यक्त करणारं केवलप्रयोगी होतं आणि काकांना ते टोमण्यासारखं लागू शकतं. 'रामराम ठोकला' म्हणजे तर निरोपच घेतला.

'कृतानेक साष्टांग नमस्कार' वडीलधाऱ्यांना शोभतो. बरोबरीच्या माणसाला 'स. न. वि. वि.', म्हणजे सप्रेम नमस्कार, आणि धाकट्याला 'अनेक उत्तम आशीर्वाद' असा रिवाज होता. भाच्याने दहा वेळा 'नमस्कार मामा' पाठवलं, तर 'अनेक आशीर्वाद' एवढंच लिहा; 'अनेक' त्यातही आहेच.